छाननी करणाऱ्याला नाव कशाला हवं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पतसंस्था, कारखाने, शिक्षणसंस्था यांनी आता तक्रारीसाठी काही ना काही सोय केलेली असते. कुठं पेटी, कुठं ईमेल, कुठं व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर. खाली ठरलेली ओळ असते, ‘तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवलं जाईल.’ गुप्त कुणापासून, हे मात्र कुणी लिहीत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यापासून, असं सगळे धरून चालतात. पण तक्रार आधी त्याच्या हातात पडत नाही. ती मुख्य कचेरीतल्या एकदोघांच्या हातात पडते. ते रोज पेटी उघडतात, मेल वाचतात, तातडीचं कुठलं आणि किरकोळ कुठलं ते ठरवून पुढं पाठवतात. आपल्याकडं हे एकदोघं म्हणजे कुणाचे तरी पाहुणे, कुणाच्या तरी गल्लीतले, कुणाबरोबर तरी एका बाकावर शिकलेले. त्यांच्या मनात वाईट काही नसलं तरी चहाच्या टपरीवर एक वाक्य निसटतं आणि संध्याकाळपर्यंत ते शाखेत पोचलेलं असतं.

माझं म्हणणं असं की, छाननी करणाऱ्याला तक्रारदाराचं नाव दिसण्याची सोयच ठेवू नये. त्याच्याकडून शपथपत्र घेऊन काम भागत नाही. नाव त्याच्या टेबलाच्या आधीच, दारातच काढून घेतलं पाहिजे, आणि ते काम वेगळ्या माणसाकडं पाहिजे.

ही निनावी तक्रारींची वकिली नव्हे. निनावी पत्राला उलट प्रश्न विचारता येत नाही, म्हणून ते अर्ध्यावर मरतं. मी म्हणतो त्या पद्धतीत नाव असतं, पण ते एकाकडं असतं आणि मजकूर दुसऱ्याकडं. केंद्रीय दक्षता आयोगाची २००४ सालापासूनची पद्धत याच विचारावर उभी आहे. केंद्र सरकारच्या किंवा त्याच्या महामंडळातल्या भ्रष्टाचाराची माहिती द्यायची तर बंद पाकीट पाठवायचं, त्यावर जनहित प्रकटीकरणाखालची तक्रार असं लिहायचं, पाकिटावर स्वतःचं नाव घालायचं नाही. नाव-पत्ता पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा सोबतच्या वेगळ्या कागदावर द्यायचा. मजकूरही असा लिहायचा की त्यातून लिहिणारा कोण हे कळू नये.

ही पद्धत सत्येंद्र दुबे यांच्या मृत्यूनंतर आली. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल या तरुण अभियंत्यानं पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं होतं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. गुप्तता राहावी म्हणून स्वतःची माहिती त्यांनी वेगळ्या कागदावर जोडली होती. पण दोन्ही कागद एकाच फायलीतून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयच्या तपासात तो लुटीतून झाल्याचं निघालं. पण खुनाचं कारण काहीही असो, नाव फुटलं होतं हे खरं. वेगळा कागद पुरत नाही. तो वेगळ्या हातात राहावा लागतो.

आता आपल्याकडचं एक उदाहरण धरून बघू. प्रकरण मनानं रचलेलं आहे, पण सोसायटीत बसलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. एक सौहार्द सोसायटी, मुख्य कचेरी बेळगावात, एक शाखा खानापूर तालुक्यात. शाखेत पाच माणसं: मॅनेजर, कॅशियर, दोन क्लार्क, एक शिपाई. दोघा क्लार्कांपैकी एक बाई. सोनेतारणाचं काम मोठं. सोनं तपासणारा अप्रेझर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतो. या बाईंच्या लक्षात येतं की काही पाकिटं कसोटीला न लावताच मंजूर होतात, खड्यांचं वजन वजा होत नाही, आणि ती कर्जं ठरावीक चार घरांतलीच असतात. त्या मुख्य कचेरीच्या तक्रार-पत्त्यावर मेल करतात:

‘सर, मागल्या सोमवारी दुपारी साहेब जेवायला गेलेले तेव्हा मी लॉकरजवळ उभी होते. अप्रेझरनं तीन पाकिटं कसोटी न लावताच पास केली, खड्यांचं वजनही वजा केलं नाही. गेल्या वर्षापासनं असंच करूलालेत. नोंदवहीच्या पानाचे फोटो जोडलेत.’

मेलवर सही नाही. बाईंनी फक्त आद्याक्षरं असलेला, वेगळा पत्ता वापरला आहे. त्यांच्या मते त्या लपलेल्या आहेत. आता छाननीच्या टेबलावरचा माणूस यातून काय काय वाचतो ते पाहा.

पहिलं, ‘उभी होते’. मराठीत पहिल्या पुरुषाचं क्रियापदच बाई की बुवा ते सांगतं. पाच जणांच्या शाखेत बाई एकच, म्हणजे मेलवर सही झालीच. कानडीत ही अडचण येत नाही. ‘नानु निंतिद्दे’ बाईनं म्हटलं काय आणि पुरुषानं म्हटलं काय, सारखंच. दुसरं, ‘करूलालेत’. हे बेळगाव-खानापूरकडचं बोलणं. निपाणीचा माणूस ‘करालेत’ म्हणेल. सोसायटीच्या सगळ्या शाखा डोळ्यांपुढं आणल्या तर एका शब्दानं निम्म्या गळतात. तिसरं, मागला सोमवार आणि साहेब जेवायला गेलेले. त्या वेळी लॉकरच्या खोलीत कोण होतं, हे शाखेतला कुणीही सांगेल. चौथं, मराठीत लिहिलं हेच. ज्या शाखेत चौघं कानडीत लिहितात आणि एकजण मराठीत, तिथं लिपीच नाव सांगून जाते. उलट्या शाखेत कानडी तक्रारीचंही हेच होतं. या भागापासून लांब राहणाऱ्याला हे बारीक वाटेल. इथं आडनावावरून गाव, गावावरून घर आणि घरावरून कोण कुठल्या बाजूचा हे काढायची सगळ्यांना सवय आहे.

म्हणून नाव झाकून तोच मजकूर पुढं पाठवणं म्हणजे काही लपवणं नव्हे. दारावरच्या माणसानं मजकूर नव्यानं लिहायला हवा, तृतीय पुरुषात आणि सपाट प्रमाण भाषेत. ‘एका शाखेत सोनेतारणाची काही पाकिटं कसोटी न लावता मंजूर होतात आणि खड्यांचं वजन वजा होत नाही, असं माहिती देणाऱ्या व्यक्तीचं म्हणणं आहे. प्रकार वर्षभर चालू आहे. नोंदवहीच्या पानाचे फोटो राखून ठेवले आहेत.’ ‘व्यक्ती’ हा शब्द इथं उपयोगी पडतो, कारण बाई असो की पुरुष, व्यक्ती म्हणतेच. सोमवार गेला, दुपार गेली, लॉकरजवळ उभं राहणं गेलं. शाखेचं नावही गेलं, आणि यावर कचेऱ्यांतून हमखास वाद होतो. पण छाननी करणाऱ्याला ठरवायचं काय असतं? पैशाचा मामला आहे की माणसाला धोका आहे, तो आज चालू आहे की जुना, रक्कम लहान की मोठी, आणि कुणाकडं पाठवायचा. या चारही गोष्टी शाखेच्या नावाशिवाय ठरतात. शाखेचं नाव पुढं तपासणी करणाऱ्याला थेट दारावरचा माणूस देईल.

नव्यानं लिहिण्यात धोका आहे, तो नाकारत नाही. सारांश करणारा कळत नकळत धार बोथट करतो. ‘तीन पाकिटं’चं ‘काही पाकिटं’ झालं की माहिती पातळ होते. म्हणून मूळ मेल तसाच, एक अक्षर न बदलता, दारावरच्या माणसाकडं राहायला हवा. नवा मजकूर आधी तक्रारदाराला दाखवावा, त्यांनी होय म्हटल्यावरच तो छाननीकडं जावा. यात दोनतीन दिवस जातात. सोन्याच्या प्रकरणात ते परवडतं.

फोटोंचं काम वेगळं आहे आणि बहुतेक ठिकाणी इथंच पाणी मुरतं. मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये फोनचं मॉडेल, तारीख, मिनिटासकट वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही लिहिलेली असते. हे काढायला exiftool या प्रोग्रॅमची साधी आज्ञा पुरते:

```
exiftool -all= photo.jpg
```

पण ही आज्ञा चालली की त्याच फोल्डरमध्ये photo.jpg_original नावानं मूळ फाइल जशीच्या तशी शिल्लक राहते. घाईत पूर्ण फोल्डर पुढं पाठवला की साफ केलेला फोटो आणि साफ न केलेला फोटो दोन्ही जातात. पीडीएफवर तर ही आज्ञा भरवशाची नाहीच. काढून टाकलेली माहिती जाणकाराला परत मिळवता येते. पीडीएफ छापून पुन्हा स्कॅन करणं बरं. पीडीएफमधल्या नावावर काळी पट्टी ओढली तरी खाली अक्षरं तशीच असतात, माउसनं निवडून कॉपी केली की बाहेर येतात. आणि फाइलमधली माहिती गेली तरी चित्रातली उरतेच. नोंदवहीच्या पानावर टेकलेला अंगठा, हातातली बांगडी, टेबलाची कड, खिडकीतून दिसणारी पलीकडची पाटी. व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट असेल तर उजवीकडचे संदेश कुणाच्या फोनवरून गेले हे उघडच असतं, आणि वर समोरच्याचं नाव तक्रारदारानं जसं सेव्ह केलं तसं दिसतं. तिथं ‘मामी’ असं असेल तर नातंही कळलं. म्हणून माझं मत असं की फोटो छाननीकडं जाऊच नये. ‘फोटो आहे, नोंदवहीचं पान स्पष्ट दिसतं’ एवढी ओळ पुरे.

मेल ‘फॉरवर्ड’ करणं तर सक्त बंद. फॉरवर्ड केला की वर From, Date, Subject, To या ओळी आपोआप चिकटतात. तक्रारींसाठी सॉफ्टवेअर घेतलेल्या संस्थांत आणखी एक भानगड असते. मेल आला की ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून स्वतःहून एक संपर्क-कार्ड तयार करतं आणि त्याचं जुनं सगळं बाजूला मांडतं, कधी फोटोसकट. विक्री-सेवेसाठी ती सोय आहे, इथं ती घातक आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या नंबराबद्दल तर मी थेटच सांगतो, असल्या तक्रारींसाठी तो ठेवू नये. मजकूर वाचायच्या आधी नंबर दिसतो, आणि कचेरीच्या फोनमध्ये तो सेव्ह असेल तर नावच दिसतं.

तक्रारीला क्रमांक देतानाही थोडा विचार हवा. १, २, ३ असे ओळीनं दिले तर मंगळवारी ४१ आणि बुधवारी ४२ आला हे कळतं, आणि मंगळवारी कोण रजेवर होतं हेही कचेरीला माहीत असतं. क्रमांक चिठ्ठी उचलल्यासारखे विस्कळीत असावेत आणि छाननीकडं तक्रारी एकेक न जाता आठवड्याच्या गठ्ठ्यानं जाव्यात. उत्तर पाठवायचं तर विषयाच्या ओळीत ‘तक्रार’ हा शब्द नको. घरात एक फोन तिघांत फिरतो, आणि पडद्यावर विषय सगळ्यांना दिसतो.

इतकं करूनही नाव एका वेगळ्याच वाटेनं फुटतं, आणि त्याचा विचार मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे. ती वाट कारवाईची. मजकूर कितीही धुतला, पण तपासणीसाला गाडीतून उतरल्या उतरल्या थेट तीच तीन पाकिटं फोडायला लावली, तर मॅनेजरला कळायला दुसरं काही लागत नाही. त्या दिवशी लॉकरपाशी कोण होतं, एवढंच तो आठवतो. म्हणून या प्रकरणात तक्रार ‘तक्रार’ म्हणून हाताळूच नये. सोसायटीनं तीनचार शाखांत एकाच आठवड्यात सोन्याची अचानक तपासणी लावावी. प्रत्येक शाखेत पाकिटं चिठ्ठ्या टाकून काढावीत आणि या शाखेत त्या चिठ्ठ्यांसोबत ती तीनही यावीत. दुसऱ्या शाखेचा अप्रेझर आणावा. वजन, खडे, कसोटी, सगळं सगळ्या पाकिटांचं व्हावं. अचानक तपासणी ही सोनेतारणातली नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळं कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. खर्च जास्त येतो हे कबूल. पण लहान शाखेत माहिती देणाऱ्याला झाकायला एवढाच आडोसा असतो.

मग हा दारावरचा माणूस कोण? संस्थेच्या पगारावरचा नको. सोयरिकीच्या जाळ्यातला नको. त्याला मराठी आणि कानडी दोन्ही वाचता आल्या पाहिजेत, आणि सीमाभागात इथंच घोडं अडतं. कोल्हापूरचा वकील घेतला तर कानडी तक्रार भाषांतराला दुसऱ्याकडं जाते. धारवाडचा घेतला तर मराठी जाते. भाषांतर करणारा म्हणजे आणखी एक वाचणारा, आणि तो बहुधा याच गावचा. दोन्ही भाषा येणारा, या गावाबाहेरचा एकच माणूस शोधावा. मिळतो, निवृत्त लेखापरीक्षकांत असे बरेच आहेत. त्याच्याकडची नाव-क्रमांकाची वही कागदाची असली तरी चालते, किंबहुना बरी. वहीची नक्कल मोहोरबंद पाकिटात दुसऱ्या एकाकडं असावी, म्हणजे पहिला आजारी पडला तरी काम थांबत नाही. पाकीट दोघांच्या सहीशिवाय फुटू नये, आणि फुटलं की ते तक्रारदाराला कळवावं.

‘नाव माहीत नसेल तर तक्रार खरी की सूडाची हे कसं ठरवायचं?’ हा आक्षेप मी आदरानं ऐकतो, कारण सूडाच्या तक्रारी येतात हे खरं आहे. पण छाननीच्या टेबलावर नाव बघून ठरवलं जातं ते खरेपण नव्हे, वजन. मोठ्या घरातली तक्रार वर जाते, झाडूवाल्या बाईची खाली राहते. आपल्या बाजूचा असेल तर लगेच, त्या बाजूचा असेल तर बघू. खरेपण पाकीट फोडल्यावर कळतं. खोटी माहिती वारंवार देणारा दारावरच्या माणसाला दिसतो, कारण नाव त्याच्याकडं आहे. तो छाननीला ‘याच व्यक्तीच्या आधीच्या दोन तक्रारी निराधार निघाल्या’ एवढं कळवू शकतो.

काही प्रकरणांत मात्र ही पद्धत पुरती पडत नाही, आणि ते पाटीवरच लिहायला हवं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखाली समितीपुढं गेली की तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला द्यावी लागते. तिथं नाव त्याला कळणारच. छाननीपासून राखलेलं नाव तिथं नियमानंच उघड होतं, आणि बाईला हे मेल पाठवायच्या आधी माहीत असलं पाहिजे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. तिथं आठवड्याचा गठ्ठा चालत नाही, नव्यानं लिहून संमती घेत बसणं चालत नाही. दारावरच्या माणसानं त्याच दिवशी कळवायचं.

कायदा याहून फार मदतीला येत नाही. कंपनी कायद्याचं १७७ वं कलम शेअर बाजारात नोंदलेल्या आणि जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्यांना अशी व्यवस्था ठेवायला लावतं, सहकारी संस्थांना ते लागू नाही. २०१४ चा जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकाराची माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला, पण अंमलात आणला गेला नाही, आणि त्यातही नाव न देणाऱ्याच्या माहितीवर कारवाई नाही. म्हणजे जे करायचं ते संस्थांनी आपल्या पोटनियमांत करायचं.

व्यवस्था चालते की नाही हे तपासण्याचा मार्ग आहे. वर्षातून एकदा बनावट तक्रारी पाठवाव्यात, दोन शाखांतल्या दोन स्वेच्छेनं तयार झालेल्या माणसांकडून, त्यांच्या नेहमीच्या बोलीत. छाननीकडं मजकूर पोचला की छाननी करणाऱ्यांना विचारावं, ही कुणाची असेल? नुसती शाखा जरी बरोबर सांगता आली, तर दारावरचं लिखाण कच्चं आहे.

सर्वसाधारण सभेपुढं ठेवायचा ठराव मला असा दिसतो. दारावरच्या माणसाची नेमणूक आणि मानधन सभेनं ठरवावं, संचालक मंडळानं नाही, कारण तक्रारींतल्या बऱ्याच मंडळाकडंच बोट दाखवतात. वर्षभरात नाव कुणी मागितलं, कितीदा मागितलं आणि कुठलं कारण देऊन मागितलं, याची यादी अहवालात छापावी. मागणाऱ्याच्या हुद्द्यासकट.